निबंधाच्या आठ तासिका: फळ्यावरून वहीत, वहीतून शेजाऱ्याच्या हातात

प्रश्न: मी आठवीला मराठी शिकवतो. बेचाळीस मुलं, सगळ्यांची मातृभाषा मराठीच. विषय दिला की मुद्दे भराभर येतात, फळा भरून जातो. पण लिहायला बसवलं की बेचाळीस निबंध एकाच साच्यातले निघतात. एकमेकांचे निबंध तपासायला दिले तर मुलं एक तर ‘छान आहे’ लिहितात, नाहीतर ऱ्हस्व-दीर्घावर गोल करतात. पस्तीस मिनिटांच्या आठ तासिका काढता येतील. मुद्दे, मसुदा आणि परस्परतपासणी हे त्यात नीट कसं बसवू?

उत्तर: तुमचा फळा फार लवकर भरतो, घोटाळा तिथंच आहे. मीही पहिली काही वर्षं भरलेल्या फळ्याकडे समाधानानं बघत असे. नंतर लक्षात आलं की फळ्यावर येतं ते पहिल्या तीन-चार बोलक्या मुलांचं. बाकीच्यांच्या डोक्यात काही वेगळं येऊ घातलेलं असतं, ते फळा वाचताच मागे सरतं. १९५८ साली येल विद्यापीठात टेलर, बेरी आणि ब्लॉक यांनी हे मोजून पाहिलं होतं. चार जणांनी एकत्र बसून सुचवलेल्या कल्पना त्यांनी एकीकडे घेतल्या, आणि एकेकट्यानं विचार करणाऱ्या चौघांच्या कल्पना एकत्र करून दुसरीकडे ठेवल्या. एकेकट्यांचा ढीग मोठा निघाला. त्यामुळे मुद्दे काढायची सुरुवात शांततेत करा आणि फळा नंतर येऊ द्या.

पहिल्या तासिकेत विषय सांगून सहा मिनिटं कुणीच बोलायचं नाही. प्रत्येकानं आपापल्या वहीत यादी करायची, किमान बारा गोष्टींची. बारा म्हटलं की मुलं कुरकुरतात, पण आकडा मुद्दाम मोठा ठेवलेला आहे. पहिल्या चार गोष्टी सगळ्यांच्या सारख्याच असतात, सहाव्या-सातव्याला मुलं अडकतात, आणि त्या अडकण्याच्या पलीकडे स्वतःचं काहीतरी निघतं. मग फळा उघडायचा, एका अटीवर: यादीतल्या पहिल्या चार गोष्टी कुणीही सांगायच्या नाहीत. एवढ्या एका अटीनं फळ्याचा चेहरा बदलतो. फळ्यावरचं वाचून स्वतःचं काही आठवलं तर यादीत घालायला मोकळीक द्या, फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवायला मात्र नको.

इथं विषयाबद्दल थोडं. पहिल्या फेरीला ‘वरदान की शाप’ छापाचा विषय घेऊ नका. अशा विषयावर मुलांकडे तयार वाक्यं असतात आणि ती पाठ असल्यामुळे विचार करायची गरजच पडत नाही. मी बहुधा ‘वाट पाहणं’ हा विषय घेते. तो सगळ्यांच्या अनुभवातला आहे आणि त्यावर पाठ केलेलं सहसा कुणाकडे नसतं. पुढचं सगळं मी माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या निबंधावरून सांगते, म्हणजे हवेत राहणार नाही. हा मुलगा मधल्या बाकावरचा, निबंधात नेहमी मध्यम गुण घेणारा. त्याच्या यादीत सुरुवातीला निकालाची वाट, सुट्टीची वाट, बसची वाट असं होतं. नवव्या क्रमांकावर ‘लाईट यायची वाट’ होती.

बहुतेक नियोजनांत मुद्दे झाले की लगेच मसुदा असतो. मुलांचे निबंध सारखे येण्याचं दुसरं कारण हेच आहे. हातात बारा मुद्दे असले की मूल बाराही लिहितं, प्रत्येकावर दोन वाक्यं. जमवलेलं टाकून द्यायचं असतं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून दुसरी तासिका पूर्णपणे निवडीला द्या, आणि निवड तोंडी करून घ्या. जोडीनं बसवायचं. प्रत्येकानं यादीतल्या एका गोष्टीवर सलग दोन मिनिटं बोलायचं. ऐकणाऱ्यानं मध्ये बोलायचं नाही, फक्त घड्याळ बघायचं. बोलणं संपलं की बदली, मग दुसऱ्या गोष्टीवर पुन्हा तसंच. मातृभाषेच्या वर्गाचा सगळ्यात मोठा फायदा इथं होतो. भाषा मुलांकडे असतेच, त्यांची जीभ मोकळी असते, अडतं ते वहीसमोर. ज्या गोष्टीवर दोन मिनिटं सहज बोलता येतं, तिच्यावर दीड-दोन पानं लिहिता येतात.

माझ्या वर्गातला तो मुलगा ‘निकाला’वर अर्ध्या मिनिटात थांबला. ‘लाईट’वर मात्र थांबेना. बाबा वहीनं वारा घालत होते, ताई चिडली होती कारण तिचा अभ्यास राहिला होता, मेणबत्ती वाटीत उभी केली ती दोनदा पडली, शेजारच्या घरातलं बोलणं एरवी ऐकू येत नाही ते आलं. त्या तासिकेच्या शेवटी प्रत्येकाकडून मी एक वाक्य लिहून घेते: ‘या निबंधात मला सांगायचं आहे की...’ हे वाक्य निबंधात येईलच असं नाही. ते वहीच्या मागच्या पानावर राहतं. त्यानं लिहिलं, ‘लाईट गेली तेव्हाच आमच्या घरातले सगळे एका खोलीत बसले.’

हे एक वाक्य तुम्ही त्याच दिवशी वाचा. बेचाळीस वाक्यं वाचायला वीस मिनिटं पुरतात आणि ही वीस मिनिटं पुढे बेचाळीस निबंध वाचण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतात. ‘वाट पाहणे खूप कठीण असते’ असं कुणी लिहिलं असेल तर त्याचा निबंध सपाट येणार हे आत्ताच कळतं. त्याला वहीत एकच प्रश्न लिहून द्या: ‘कोणती वाट? कधीची?’ बाकी काही सुचवू नका. तुम्ही सुचवलंत की तो तुमचा निबंध लिहील.

तिसऱ्या तासिकेत क्रम. मी आराखड्याचे तक्ते करून बघितले, प्रस्तावना, मध्य आणि समारोप अशा चौकटी आखून. मुलं त्या चौकटी इमानदारीत भरतात आणि प्रस्तावनेत हटकून ‘मानवी जीवनात’ येतं. त्याऐवजी चिठ्ठ्या वापरा. पाठकोऱ्या कागदाच्या सहा-सात चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एक प्रसंग किंवा एक मुद्दा, चार-पाच शब्दांत. चिठ्ठ्या बाकावर मांडायच्या, हलवायच्या, शेजाऱ्याला क्रम वाचून दाखवायचा. मग दोन कामं: एक चिठ्ठी काढून टाकायची आणि जी सर्वांत महत्त्वाची वाटते ती शेवटून दुसरी ठेवून बघायची. शेवटून दुसरी का? महत्त्वाचं आधी सांगून टाकलं तर पुढे लिहायला काही उरत नाही, आणि अगदी शेवटी ठेवलं तर मुलं ते दोन ओळींत उरकतात. हा काही नियम नाही, पण चिठ्ठी हलवून बघायला कारण मिळतं. आमच्या मुलानं ‘बाबांनी वहीनं वारा घातला’ ही चिठ्ठी सुरुवातीला ठेवली होती, ती खाली गेली. ‘वीज वाचवली पाहिजे’ ही चिठ्ठी त्यानं स्वतःहून काढली. मला त्या दिवशी एवढंही पुरेसं वाटलं.

चौथी आणि पाचवी तासिका मसुद्याची. इथं नियम थोडे पण कडक ठेवा. एक ओळ सोडून लिहायचं, कारण नंतर वरच्या रिकाम्या ओळीत दुरुस्ती करायची असते. खोडरबर वापरायचं नाही, चुकलं तर एक रेघ मारून पुढे जायचं. शब्दाचं शुद्धलेखन विचारायला उठायचं नाही, शंका असेल तर शब्दाखाली टिंब द्यायचं. आणि पहिला परिच्छेद लिहायचाच नाही. दुसऱ्या चिठ्ठीपासून सुरू करायचं, वर दहा ओळी मोकळ्या ठेवून. सुरुवातीच्या वाक्यापाशी मुलांची पंधरा मिनिटं जातात आणि शेवटी जे वाक्य सापडतं ते पाठ केलेलंच असतं.

हे करून घेणं वाटतं तितकं सोपं नाही. विशेषतः हुशार मुली (माझ्या वर्गात तरी बहुधा मुलीच) खाडाखोड सहन करत नाहीत. त्या घरी जाऊन मसुदा सुंदर अक्षरात उतरवून आणतात. दिसायला गोड, पण उतरवलेल्या मसुद्याला मग कुणी हात लावू देत नाही. म्हणून मसुदा सुट्या कागदांवर घ्या आणि तासिका संपली की कागद तुमच्याकडे ठेवा.

बोलीचा प्रश्न याच टप्प्यावर येतो. घरी ‘आन् मंग’ म्हणणारं मूल मसुद्यातही तेच लिहील. लिहू द्या. मसुद्यात प्रमाणभाषेचा पहारा बसवला की मूल जे सांगणार असतं ते सोडून जे लिहिता येतं तेवढंच लिहितं. पुढे पक्की प्रत करताना कथनाची वाक्यं प्रमाण मराठीत आणायची आणि माणसांच्या तोंडची वाक्यं जशी बोलली तशी अवतरणात ठेवायची, असं मी वर्गाला सांगते. आजीच्या तोंडी ‘मला अत्यंत उकडत आहे’ आलं की सगळा वर्ग हसतो, मग वेगळं समजवावं लागत नाही.

पाचव्या आणि सहाव्या तासिकेत किमान दोन दिवसांचं अंतर असू द्या. कालच लिहिलेलं मुलांना पाठ असतं. कागदावर काय आहे त्याऐवजी डोक्यात काय आहे तेच ती वाचतात.

आता तपासणी. मुलं ‘छान आहे’ लिहितात यात त्यांचा दोष नाही. तपासणी म्हणजे काय हे त्यांनी पाहिलंय ते फक्त शिक्षकांच्या लाल पेनात, म्हणजे गोल आणि शेरा. तेच ती करतात. त्यामुळे सहावी तासिका तपासणी शिकवण्याची. त्या तासिकेत कुणाचाही निबंध वापरायचा नाही, वर्गातल्या मुलाचा तर नाहीच. मी स्वतः एक मध्यम दर्जाचा परिच्छेद लिहून फळ्यावर लावते. त्यात दोन जिवंत वाक्यं असतात, बाकी भरताड, आणि मुद्दाम एक जागा अर्धवट सोडलेली असते. असा परिच्छेद लिहायला जरा वेळ लागतो. अगदी वाईट लिहिला तर मुलं फक्त हसतात, चांगला लिहिला तर त्यांना काही सापडत नाही. मग वाचकाची तीन कामं त्या परिच्छेदावर सगळ्यांनी मिळून करायची.

पहिलं काम, जिथं काहीतरी डोळ्यांसमोर दिसलं त्या वाक्याखाली नागमोडी रेघ. दुसरं, दोन खरे प्रश्न: कोण, कुठे, कसं, मग काय झालं, असे. ज्याचं उत्तर वाचकाला आधीच ठाऊक आहे तो प्रश्न चालणार नाही. तिसरं, संपूर्ण वाचून झाल्यावर एका वाक्यात लिहायचं की या निबंधानं मला काय सांगितलं. एवढंच. ‘छान’, ‘चूक’ आणि ‘असं लिही’ हे तीन शब्दप्रयोग त्या दिवशी बंद. शुद्धलेखनाला या वेळी हातच लावायचा नाही. जो परिच्छेद उद्या कदाचित निघूनच जाणार आहे, त्याची वेलांटी आज सुधारण्यात काय अर्थ?

सातव्या तासिकेत हेच एकमेकांच्या निबंधांवर करायचं, पेन्सिलीनं. जोड्या तुम्ही लावा. सर्वांत हुशार आणि सर्वांत मागे असलेला अशी जोडी लावायचा मोह होतो, पण तिथं एक जण शिकवणारा होतो आणि दुसरा मान हलवणारा. साधारण सारख्या पातळीचे दोघे घ्या, जिवलग मित्र नकोत आणि भांडण झालेलेही नकोत. वाचकानं निबंध हलक्या आवाजात वाचून दाखवायचा आणि लेखकानं ऐकायचं. वाचताना वाचक जिथं अडखळतो तिथं वाक्यात गडबड आहे, हे लेखकाला कुणी न सांगता कळतं. एकवीस जोड्या कुजबुजल्या की वर्गात गलका होणार, तेवढा चालवून घ्या. दोन्ही निबंधांना मिळून बावीस-तेवीस मिनिटं लागतात. उरलेल्या वेळात लेखकानं मागच्या पानावरचं आपलं वाक्य उघडायचं आणि वाचकानं लिहिलेलं वाक्य शेजारी ठेवायचं.

या सगळ्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी जागा म्हणजे ही दोन वाक्यं समोरासमोर येणं. आमच्या मुलाच्या वाचकानं लिहिलं होतं, ‘वीज गेली की खूप त्रास होतो.’ मुलगा चिडला, ‘मी असं लिहिलंच नाही.’ मी म्हटलं, कागदावर शोध. मसुद्यात सात वाक्यं उकाड्याची आणि डासांची होती, सगळे एकत्र बसल्याचं एकच. वाचक बरोबर होता. त्याचे दोन प्रश्न होते: ‘ताई कुठे बसली होती?’ आणि ‘लाईट आल्यावर काय झालं?’ नागमोडी रेघ होती बाबांच्या वहीच्या वाऱ्याखाली.

लेखकानं सगळं मान्य करायची गरज नाही, हे मुलांना स्पष्ट सांगा. किमान एका प्रश्नाचं उत्तर निबंधात घालायचं, दुसरा सोडला तरी चालेल, फक्त का सोडला ते समासात लिहायचं. नाहीतर आज्ञाधारक मुलं प्रत्येक प्रश्नाचं उत्तर घालून निबंध फुगवतात.

आठव्या तासिकेची पहिली वीस मिनिटं पुनर्लेखनाला. सगळा निबंध पुन्हा लिहायचा नाही, तेवढा वेळ नसतो आणि तशी गरजही नसते. नवा भाग वेगळ्या पट्टीवर लिहून जागेवर चिकटवायचा, नको तो भाग रेघ मारून काढायचा, आणि आता सुरुवात लिहायची. आमच्या मुलानं मोकळ्या ठेवलेल्या दहा ओळींत माझी नजर चुकवून मसुद्याच्या वेळीच ‘मानवी जीवनात वाट पाहण्याला अनन्यसाधारण महत्त्व आहे’ असं लिहून टाकलं होतं. त्यावर त्यानं रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘मेणबत्ती दुसऱ्यांदा पडली तेव्हा ताई बाहेर आली.’ डासांची चार वाक्यं गेली. शेवटी दोन नवी वाक्यं आली: ‘लाईट आली. टीव्ही सुरू झाला आणि ताई तिच्या खोलीत गेली.’ पहिल्या मसुद्यात शेवट होता ‘अशा प्रकारे आम्ही वाट पाहिली.’

शेवटची पंधरा मिनिटं शुद्धलेखनाची. इथं परस्परतपासणीची मर्यादा ओळखून चाला: जी चूक दोघांनाही चूक वाटत नाही ती जोडीला सापडणार नाही. उलट बरोबर शब्द चुकीचे करून ठेवतील. म्हणून एका वेळी दोनच गोष्टी शोधायला द्या, आणि त्या आदल्या आठवड्यात शिकवलेल्या हव्यात. उदाहरणार्थ, शेवटचं अक्षर अ-कारान्त असलेल्या मराठी शब्दात त्याच्या आधीचा इ-कार किंवा उ-कार दीर्घ असतो, पण प्रत्यय लागून सामान्यरूप झालं की तो ऱ्हस्व होतो: फूल पण फुलाला, गरीब पण गरिबाचा. ‘गुण’, ‘विष’ यांसारखे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमात बसत नाहीत, तेवढं आधी सांगून ठेवा. दुसरी गोष्ट विरामचिन्हांतली, समजा संवादाची अवतरणं. या दोनांशिवाय काहीही शोधायचं नाही. मसुद्यात टिंब दिलेले शब्द लेखकानं स्वतः कोशात बघायचे. उरलेल्या चुका तुमच्या वाट्याच्या. पक्की प्रत घरून आली तरी हरकत नाही, फक्त मसुदा तिला जोडलेला हवा.

जमलं की नाही हे पक्क्या प्रतीचे गुण पाहून कळत नाही. मसुदा आणि पक्की प्रत शेजारी ठेवा आणि काय बदललं ते बघा. फक्त वेलांट्या-उकार बदलले असतील तर सातवी तासिका वाया गेली, आणि बहुधा त्याचं मूळ सहावीत असतं. वाक्यं आली-गेली असतील, परिच्छेद हलला असेल तर जमलं. पहिल्या फेरीत माझ्या वर्गातल्या निम्म्याहून कमी मुलांनी असा बदल केला होता, त्यामुळे तुमचाही पहिला अनुभव तसाच आला तर पद्धत टाकून देऊ नका. गुण देताना मी वीसपैकी पाच गुण या बदलाला ठेवते आणि तसं आधीच जाहीर करते. मसुद्याला स्वतंत्र गुण देत नाही. दिले की तो लगेच सुंदर अक्षरात यायला लागतो.

परीक्षेत आठ तासिका कुठून आणणार, असं मुलं विचारतीलच, पालक तर नक्की. दोन फेऱ्या झाल्यावर तिसरी फेरी अर्ध्या तासाची घ्या: चार मिनिटं यादी, तीन मिनिटं निवड आणि ते एक वाक्य, अठरा मिनिटं लेखन, उरलेल्या पाच मिनिटांत स्वतःलाच दोन प्रश्न विचारून एक जागा सुधारायची आणि ठरलेल्या दोन गोष्टींसाठी नजर फिरवायची. मुद्द्यांची यादी उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर कच्चं काम म्हणून केली तरी चालते, मात्र वर तिरकी रेघ मारायला सांगा. एका मुलीनं ती मारली नव्हती आणि तपासणाऱ्यानं यादीलाच निबंध समजून वर शेरा मारला होता: ‘अपूर्ण’.